माणशी दर की कागदामागे दर: नऊ जणांच्या ऑफिसचा हिशोब

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला आमचं सीएचं ऑफिस आहे, सर धरून नऊ जण. कामाची नोंद, क्लायंटचे कागद आणि आठवणीचे मेसेज एका जागी यावेत म्हणून सॉफ्टवेअर बघतोय. एक कंपनी माणशी महिना ४५० रुपये सांगते. दुसरी म्हणते माणसं कितीही असू द्या, अपलोड होणाऱ्या कागदामागे दीड रुपया. सरांनी मला चौकशी करायला सांगितलंय. स्वस्त कोणतं पडेल?

उत्तर:

या दोन कंपन्या एकाच गोष्टीचे पैसे मागत नाहीत, म्हणून दोन दर शेजारी ठेवून काही कळत नाही. आपल्या भागात हे समजायला शेतीपंपाचं उदाहरण पुरतं. विना-मीटर कनेक्शनला बिल हॉर्सपॉवरवर यायचं. पाचचा पंप असेल तर पाचचे पैसे, मग तो रात्रभर चालवा नाहीतर महिनाभर बंद ठेवा. मीटर बसवला की जेवढी युनिटं फिरली तेवढं बिल. माणशी दर हा हॉर्सपॉवरचा प्रकार आहे आणि कागदामागचा दर हा मीटरचा. तेव्हा आधी बघायचं ते हे, की तुमच्या ऑफिसात वर्षभरात जास्त हलतं काय, माणसांची संख्या की कागदांची? आणि जे हलतं ते कुणाच्या हातात आहे?

मी गेली बरीच वर्षं सातारा-सांगली भागातल्या छोट्या ऑफिसांना अशी सॉफ्टवेअर निवडून, बसवून देतो. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका सीएंचं ऑफिस आहे, जवळपास तुमच्याएवढंच: सर, त्यांचे पार्टनर, तीन पगारी माणसं, तीन शिकाऊ आर्टिकल आणि पुढच्या टेबलावर कागद घेणारी एक मुलगी. त्यांनी हे दोन्ही प्रकार वापरून झालेत. तिथलेच आकडे घेतो, फक्त रकमा तुमच्या दराने मांडतो म्हणजे तुम्हाला सरळ लागू होतील.

त्यांच्याकडे महिन्याला जीएसटी रिटर्न भरणारे ६० क्लायंट आहेत. प्रत्येकाचे साधारण २५ कागद धरले तर १,५०० होतात, आणि हा आकडा बाराही महिने टिकून असतो. तिमाही भरणारे ५० जण आहेत. त्यांचे कागद तिमाही संपली की येतात, म्हणजे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत प्रत्येकी १,००० जास्तीचे. इन्कम टॅक्स रिटर्नचे वर्षाला २,४०० कागद, त्यातले ६०० जूनमध्ये आणि बाकी सगळे जुलैत. ऑडिटच्या फायलींचे १,८००, त्यातले १,२०० सप्टेंबरला आणि ६०० ऑक्टोबरला. बेरीज केली तर वर्षाचे २६,२०० कागद. पण ते वर्षभर सारखे पसरलेले नाहीत. फेब्रुवारीत १,५०० आणि जुलैत ४,३००, म्हणजे जवळजवळ तिप्पट.

आता पैसे. माणशी दराने नऊ जणांचे महिना ४,०५० आणि वर्षाचे ४८,६०० रुपये. यात एक रुपया इकडेतिकडे होत नाही. कागदामागे दीड रुपयाने वर्षाचे ३९,३०० होतात, पण फेब्रुवारीचं बिल २,२५० आणि जुलैचं ६,४५०. वरवर बघितलं तर मीटरवाला ९,३०० रुपयांनी स्वस्त पडला.

इथे बहुतेक जण थांबतात आणि तिथेच चुकतात, कारण ४८,६०० हा आकडा नऊही जणांना सीट, म्हणजे स्वतःचं लॉगिन, लागते असं धरून आलाय. मीटरच्या ३९,३०० ला बारा महिन्यांनी आणि मग ४५० ने भागा, उत्तर सव्वासातच्या आसपास येतं. म्हणजे सात सीटांत काम भागलं तर माणशी दर स्वस्त (वर्षाचे ३७,८००), आणि आठ लागल्या तर तो महाग (४३,२००). सगळा निर्णय एका माणसावर आलाय. हे गणित तुमच्या कागदांच्या आकड्यावर परत करा, तुमचा आकडा सहाही निघेल, दहाही निघेल. तो हातात आल्याशिवाय कंपनीच्या माणसाशी भाव करायला बसू नका.

मग सीट खरोखर कुणाला लागते? जो माणूस रोज नोंद करतो, काम पूर्ण झालं म्हणून खूण करतो, कागद चढवतो, त्याला लागते. जो फक्त यादी बघतो त्याला पूर्ण पैशांची सीट कशाला? बऱ्याच कंपन्या नुसतं बघणाऱ्याला फुकट किंवा कमी दरात आत येऊ देतात. पण हे दरपत्रकावर ठळक लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं. साताऱ्याच्या ऑफिसात पार्टनर आठवड्यातून दोनदा प्रलंबित कामांची यादी बघतात, बाकी काही करत नाहीत. ते बघणाऱ्यांत गेले आणि नवाचे आठ झाले. आठाचे सात मात्र झाले नाहीत, कारण बाकी प्रत्येकाचा हात त्यात रोज असतो.

तिथे आधी माणशी दरच होता. सरांनी पैसे वाचवायला सहाच सीटा घेतल्या आणि तिन्ही आर्टिकलना मिळून `office` नावाचं एकच लॉगिन दिलं. पाचचा पंप असून तीनची नोंद करावी तसा हा प्रकार. काही महिने काही बिघडलं नाही. मग एका क्लायंटच्या जीएसटीआर-३बी पुढे 'झालं' अशी खूण दिसत होती आणि रिटर्न मात्र भरलेलंच नव्हतं. क्लायंटला पोर्टलवरून मेसेज आला तेव्हा कळलं. नोंदीत बघितलं तर खूण करणाराचं नाव `office`. तिघांपैकी कुणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तिघंही एकमेकांकडे बघत उभे. नऊ दिवस उशीर झाला, रोजचे ५० प्रमाणे ४५० रुपये लेट फी, वर थकलेल्या करावर १८ टक्के दराने व्याज. लेट फी एका सीटच्या एका महिन्याच्या पैशांएवढीच, पण तो क्लायंट पुढे वर्षभर प्रत्येक रिटर्नची पावती मागत राहिला. शिवाय एक लॉगिन अनेकांनी वापरणं बहुतेक कंपन्यांच्या करारात बसत नाही, त्यामुळे वाद झाला तर तुमची बाजू पडते. माणशी दर घेणार असाल तर काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची सीट द्या. ते परवडत नसेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही, असं मी स्पष्ट सांगतो.

माणशी दरात दुसरी अडचण वार्षिक कराराची. महिन्याच्या करारापेक्षा वर्षाचा दर कमी सांगतात, पण त्यात सीटा वाढवता येतात लगेच आणि कमी होतात करार संपल्यावरच. गूगल वर्कस्पेसच्या वार्षिक प्लॅनला हाच नियम आहे, आणि इतर अनेकांचाही असाच असतो. सीएच्या ऑफिसला हे जास्त लागतं, कारण आर्टिकल येतात-जातात. एप्रिलमध्ये नऊ सीटांचा करार केला आणि ऑगस्टअखेर दोन आर्टिकल सोडून गेले, नवे लगेच मिळाले नाहीत, तर सप्टेंबर ते मार्च दोन रिकाम्या खुर्च्यांचे ६,३०० रुपये जातात. जागेवर नवा माणूस आला तर तीच सीट त्याच्या नावावर करता येते का, हेही विचारून घ्या. सहसा येते. म्हणून अशा ऑफिसला मी सांगतो की कायमच्या माणसांच्या सीटा वर्षाच्या घ्या आणि आर्टिकलच्या महिन्याच्या, कंपनी एकत्र देत असेल तर.

आता मीटरकडे वळू. इथे सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न: 'कागद' म्हणजे काय? बारा पानांचं बँक स्टेटमेंट एका पीडीएफमध्ये आलं तर तो एक कागद की बारा? क्लायंटने तीच फाइल दोनदा पाठवली तर दोनदा मोजणार का? चुकून चढवलेली फाइल पाच मिनिटांत काढून टाकली तर तिचे पैसे लागणार का? साताऱ्यात हे आम्ही विचारलं होतं. उत्तर मिळालं, एक फाइल म्हणजे एक कागद, पानं कितीही असोत, दुसऱ्यांदा चढली तर दुसऱ्यांदा मोजणार. आम्हाला ते बरं वाटलं आणि ऑफिस मीटरवर गेलं.

पहिल्याच जुलैचं बिल ४,३०० कागदांऐवजी ७,४०० कागदांचं आलं. तुमच्या दराने ६,४५० च्या जागी ११,१००. सरांचा फोन आला, आवाजावरूनच कळलं की त्यांना कंपनीने फसवल्यासारखं वाटतंय. मी जाऊन दिवसवार वापराचा अहवाल काढला. त्यात प्रत्येक फाइलचं नाव, वेळ आणि चढवणाऱ्याचं नाव दिसत होतं. पुढच्या टेबलावरच्या मुलीच्या नावावर एकाच मिनिटात चौदा फायली, नावं अशी:

```
SBI_stmt_001.pdf
SBI_stmt_002.pdf
SBI_stmt_003.pdf
```

नावाच्या शेवटी असे ओळीने आकडे दिसले की समजायचं, स्कॅनर प्रत्येक पानाची वेगळी फाइल करतोय. जूनअखेर स्कॅनर दुरुस्तीला जाऊन आला होता आणि त्याची ती सेटिंग मूळपदावर गेली होती. त्या मुलीचा काही दोष नव्हता, ती नेहमीचंच बटण दाबत होती. साधारण १५० क्लायंटची स्टेटमेंट तिने कागदावरून स्कॅन केली होती, सरासरी चौदा पानांची. जिथे १५० फायली व्हायच्या तिथे २,१०० झाल्या, म्हणजे १,९५० जास्तीच्या. उरलेल्या १,१५० फायली क्लायंटनी स्वतःच मोबाइलवरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाठवलेल्या होत्या. 'मिळालं' असं उत्तर त्यांना लगेच जात नव्हतं, म्हणून बिचारे परत पाठवत होते. स्कॅनरची सेटिंग दोन मिनिटांत बदलली. फाइल पोचली की आपोआप पोच जाईल असं करायला अर्धा दिवस गेला. पुढच्या जुलैचं बिल अंदाजाच्या शेदोनशे रुपयांत बसलं.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण मीटरचं खरं स्वरूप इथे दिसतं. माणशी दरात बिल वाढतं ते सरांनी माणूस घेतला तर. कागदामागच्या दरात बिल वाढवण्याचा अधिकार तुमच्या सगळ्या क्लायंटकडे आणि एका स्कॅनरकडे जातो. त्यावर नजर ठेवणारं कुणीतरी ऑफिसात लागतं, आठवड्यातून दहा मिनिटं का होईना. तुमच्याकडे असा माणूस नसेल तर ९,३०० रुपयांची बचत मी धरणार नाही.

बिलावर मर्यादा घालता येते का, हे जरूर विचारा, पण मर्यादा दोन प्रकारची असते हे ध्यानात ठेवा. एकीत ठरलेला आकडा आला की फक्त ईमेल येतो. दुसरीत अपलोडच बंद पडतं. दुसरी सुरक्षित वाटते खरी, पण ३० जुलैला दुपारी क्लायंट दारात उभे असताना कागद चढायचे थांबले तर काय होईल याचा विचार करा. सीएच्या ऑफिसला इशारा देणारीच घ्यावी, आणि तो ७० टक्क्यांवर यावा. ऑटो-डेबिटला कमाल रक्कम ठरवता येते आणि पैसे जाण्याआधी किमान २४ तास सूचना येते हे बरोबर, पण त्याने वापर थांबत नाही. बिल त्या रकमेच्या वर गेलं तर पैसे जाणार नाहीत आणि खातं अडकेल ते ऐन गर्दीत.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. प्रत्येक कागदाला पैसे पडायला लागले की माणसं कागद वाचवायला लागतात. त्या ११,१०० च्या बिलानंतर सर सगळ्यांना म्हणाले, "लागेल तेवढंच चढवा, बाकी व्हॉट्सॲपवर असू दे." दोन महिन्यांत निम्मे कागद प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. सॉफ्टवेअर घेतलं होतं ते सगळं एका जागी यावं म्हणून, आणि दीड रुपयासाठी तेच राहून गेलं. मी सरांना बसवून दाखवलं की एका क्लायंटचे महिन्याचे २५ कागद म्हणजे साडेसदतीस रुपये. त्याच्याकडून महिन्याची जी फी घेतो त्यात हे सहज बसतं. तेव्हा कुठे तो आदेश मागे घेतला गेला. माणशी दरात हा मोह होतच नाही, कारण पुढचा कागद फुकट असतो. तुमचे सर काटकसरी असतील तर हेही लक्षात घ्या, आणि हे मी दोष म्हणून सांगत नाही.

मेसेजचं वेगळं बघा. माणशी ४५० मध्ये 'व्हॉट्सॲप मेसेज सोबत' असं लिहिलेलं असलं तरी त्यातला मेसेजचा भाग मीटरवरच असतो. कंपन्यांना व्यवसायासाठीचे व्हॉट्सॲप मेसेज मेटाकडून विकत घ्यावे लागतात. १ जुलै २०२५ पासून तिथे पोचलेल्या टेम्प्लेट मेसेजच्या संख्येवर आकार लागतो. त्याआधी २४ तासांच्या संभाषणावर लागायचा. मोजायचं एकक असं मधेच बदलू शकतं, हे यातून शिकण्यासारखं आहे. 'तुमची विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत पाठवा' हा मेसेज सहसा युटिलिटी प्रकारात जातो आणि स्वस्त पडतो. दिवाळीच्या शुभेच्छा मात्र जाहिरातीच्या प्रकारात मोजल्या जातात आणि कितीतरी महाग पडतात. दोन्ही कंपन्यांना विचारा, महिन्याला किती मेसेज धरलेत आणि त्यापुढे काय दर.

जीएसटीमुळे निवड बदलत नाही. दोन्हींवर १८ टक्के लागणार आणि तुमची नोंदणी असल्याने त्याचं क्रेडिट मिळणार. पैशांच्या वेळेचा विचार मात्र करा. जुलैचं मोठं बिल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतं, आणि आपल्याकडे क्लायंटची फी किती उशिरा येते हे मी सांगायला नको. बऱ्याच जणांची दिवाळीला येते.

आता तुम्ही करायचं काय. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मागच्या जुलैचा आणि मागच्या फेब्रुवारीचा क्लायंटच्या कागदांचा फोल्डर शोधा. त्यावर राइट क्लिक करून Properties उघडा, Contains पुढे Files चा आकडा दिसतो. व्हॉट्सॲपवर पडून राहिलेले कागद त्यात येत नाहीत, म्हणून दोन-तीन क्लायंटच्या चॅट उघडून मोजा आणि त्या प्रमाणात आकडा वाढवा. तिमाहीचे चार महिने, ऑडिटचे दोन आणि बाकीचे साधे महिने असं धरून वर्षाची बेरीज करा, तिला दीडने गुणा, मग ५,४०० ने भागा (एका सीटचे वर्षाचे पैसे). जे उत्तर येईल तेवढ्या सीटांपर्यंत माणशी दर स्वस्त. त्याच्या शेजारी कागदावर नऊ जणांची नावं लिहा आणि जो नुसता बघतो त्याच्यापुढे फुली मारा.

फुल्या मारून उरलेली माणसं त्या उत्तरापेक्षा कमी असतील तर माणशी दर घ्या, फार विचार करू नका. एखाद्याने जास्त असतील तरीही मी तुम्हाला माणशी दरच घ्या म्हणेन, कारण चार-पाच हजारांच्या फरकासाठी दर आठवड्याला अहवाल बघणारा माणूस लागणं तुमच्यासारख्या ऑफिसला परवडत नाही. दोन किंवा जास्तीने वर गेलात, किंवा आर्टिकल सतत बदलत असतील, तर कागदामागचा दर बघा. पण सही करण्याआधी एका महिन्याची चाचणी मागा आणि ती फेब्रुवारीत घेऊ नका. १ ते २० तारखेच्या गर्दीत, तिमाहीच्या महिन्यात घ्या, आणि पहिल्या दिवशी स्कॅनरवर एक दहा पानी स्टेटमेंट घालून किती फायली तयार होतात ते स्वतः मोजा.

साताऱ्याचं ऑफिस मीटरवरच राहिलं. आठ जणांचा हात त्यात रोज असतो, आणि पुढच्या टेबलावरची ती मुलगी दर शनिवारी संध्याकाळी वापराचा अहवाल उघडून `_001`, `_002` शोधते.